डीएनडी लावूनही बँक फोन का करते? माझे अडीच महिने

मी ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. नौपाडा, पाचपाखाडी, कधी घोडबंदर रोडला मानपाड्यापर्यंत. "अनोळखी नंबर उचलूच नकोस" हा सल्ला मला शंभर जणांनी दिला असेल, पण माझा नवा पेशंट अनोळखी नंबरावरूनच येतो. कुणाच्या वडिलांना पक्षाघात झालेला असतो, कुणाच्या आईचा खुबा मोडलेला असतो. फोन उचलावाच लागतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास हे अगदी असह्य झालं. पाचपाखाडीत एक आजी आहेत, गुडघा बदललेला. त्यांचा पाय हातात धरून हळूहळू वाकवत असताना माझा फोन थरथरला. आजीच म्हणाल्या, "घे गं, कुणाला तरी गरज असेल." पाय खाली ठेवला, हात पुसले, फोन घेतला. "मॅडम, आपल्याला प्री-अप्रूव्हड पर्सनल लोन..." आजींना ऐकू गेलंच. त्या हसल्या, पण मला लाज वाटली. त्या दिवशीचा तो पाचवा फोन होता.

सोमवारी, ३ नोव्हेंबर २०२५ ला मी ठरवलं की आता याच्या मागे लागायचं. ते जानेवारीच्या मध्यापर्यंत चाललं. खर्च फारसा नाही, रिक्षाचे आणि झेरॉक्सचे मिळून दोनशेच्या आत. वेळ मात्र गेला, आणि मधे मी स्वतःच एक घोळ घातला. तोही सांगते.

आधी आठवडाभर मी काहीच बंद केलं नाही, फक्त लिहून ठेवलं. पेशंटच्या नोंदींच्या वहीत मागच्या पानावर नंबर, वेळ, कोण बोललं आणि काय विकत होतं. सात दिवसांत एकतीस फोन. वही पाहिल्यावर कळलं की मी ज्याला "बँकेचे फोन" म्हणत होते ते एका जातीचे नव्हतेच. काही १४० ने सुरू होणारे होते. ही मालिका जाहिरातीच्या फोनसाठीच राखलेली आहे. एक १६०० ने सुरू होणारा होता आणि तो खरंच कामाचा निघाला, केवायसीची आठवण करून देणारा. बँकांनी व्यवहाराचे आणि सेवेचे फोन याच मालिकेतून करायचे आहेत. उरलेले, म्हणजे निम्म्याहून जास्त, साध्या दहा आकडी मोबाइलवरून आलेले. बोलणारे बँकेचं नाव घ्यायचे, पण नंबर कुणाचाही असू शकतो.

एसएमएसचं तर आणखी सोपं आहे, फक्त आपण कधी पाहत नाही. पाठवणाऱ्याच्या नावाच्या अगदी शेवटी हायफन देऊन एक अक्षर असतं. २०२५ पासून हे आलं आहे. -P म्हणजे जाहिरात, -S म्हणजे सेवा, -T म्हणजे व्यवहार, -G म्हणजे सरकारी. माझ्या बँकेकडून आठवड्यात चौदा एसएमएस आले होते. त्यातले नऊ P होते.

१० नोव्हेंबरला डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज नकोत अशी नोंद, लावलं. यात सांगण्यासारखं फार काही नाही. ज्या सिमवर त्रास आहे त्याच सिमवरून १९०९ ला हा एसएमएस पाठवायचा, पैसे पडत नाहीत:

```
START 0
```

ही सगळ्याच जाहिरातींची बंदी झाली. ज्यांना बँकिंग तेवढं बंद आणि बाकी काही चालू असं हवं आहे, त्यांना मोबाइल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी अ‍ॅपमध्ये विषयवार निवडता येतं. ओटीपी आणि पैसे कापल्याचे मेसेज याने थांबत नाहीत. आमच्या घरी सासऱ्यांना तीच भीती होती, म्हणून त्यांनी कधी लावलं नव्हतं.

आठवड्याभरात फरक पडला. घोडबंदरचे टू बीएचके गेले, मुलाच्या नीटचे क्लास गेले. पण माझी स्वतःची बँक? तिचे P मेसेज तसेच. १४० वरून फोनही तसेच. मी पुन्हा १९०९ ला एसएमएस केला, उत्तर आलं की तुमची नोंद आधीच आहे. म्हणजे डीएनडी लागलेलं होतं, तरीही बँक आत येत होती.

याचं कारण मला माझ्या एका पेशंटच्या मुलाने सांगितलं, तो मोबाइल कंपनीत कामाला आहे. वडिलांच्या खांद्याचा व्यायाम चालू असताना तो दारात उभा राहून म्हणाला, "ताई, डीएनडी हे ज्यांना तुम्ही परवानगी दिलेली नाही त्यांच्यासाठी. ज्याला स्वतः परवानगी दिलीत, त्याला डीएनडी अडवत नाही. खातं उघडताना फॉर्मवर सही केली असेल ना?"

केली होती. घरी येऊन फाइल काढली. खातं उघडण्याच्या फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, बारीक टायपात, एक चौकट होती: बँक, तिच्या समूहातील कंपन्या आणि तिने नेमलेले एजंट मला उत्पादनांची माहिती देण्यासाठी फोन, एसएमएस, ईमेलने संपर्क करू शकतात. चौकटीत बरोबरची खूण. खूण माझ्या हातची वाटत नाही, बहुधा फॉर्म भरून घेणाऱ्या मुलाने केली असेल, पण खाली सही माझीच आहे. कार्डाच्या अर्जातही तेच.

तेव्हा ही परवानगी काढून घ्यायची तर १९०९ चा उपयोग नाही, बँकेतच जायला हवं. एवढी एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते.

बँकेत जायला मी वेळ काढला तो शनिवार, २२ नोव्हेंबर. सव्वीस रुपये देऊन रिक्षाने पोचले तर शटर खाली. महिन्याचा चौथा शनिवार! दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात हे मला माहीत नाही असं नाही, पण बाकीच्या दोन शनिवारांच्या सवयीने गेले. बाहेरच्या वॉचमनने सहानुभूतीने मान हलवली. मंगळवारी, २५ तारखेला, दोन पेशंटच्या मधे पुन्हा गेले.

काउंटरवरच्या बाईंनी आधी तेच सांगितलं, "मॅडम, डीएनडी लावा ना." मी म्हटलं, लावलंय, आता मला फॉर्मवरची संमती मागे घ्यायची आहे. त्या मागच्या टेबलावर विचारून आल्या आणि म्हणाल्या की तसा छापील फॉर्म नाही, अर्ज लिहून द्या. मग तिथेच बसून लिहिला: मला बँकेकडून कोणत्याही प्रकारचे फोन, मेसेज व ईमेल नकोत, दिलेली संमती मागे घेत आहे. खाली खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, सही. दोन प्रती काढल्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतली. पोच देताना त्या जरा कुरकुरल्या. मी हटले नाही, आणि पुढे तो शिक्काच उपयोगी पडला.

१ डिसेंबरला एसएमएस आला की तुमची पसंती नोंदवली गेली आहे. P मेसेज खरंच थांबले. मी खूश.

आता घोळ. मुलाच्या फीसाठी मी दोन लाखांची एफडी केली होती. ८ डिसेंबरला तिची मुदत संपत होती. दर वेळी दहाएक दिवस आधी ईमेल येतो, मग मी सांगते की नूतनीकरण नको, पैसे बचत खात्यात टाका. या वेळी ईमेल आलाच नाही. १७ तारखेला फी भरायला बसले तर एफडी आपोआप पुढच्या वर्षभरासाठी नव्याने चालू झालेली. मी घामाघूम.

शाखेत गेले. मॅनेजरनी माझा अर्ज संगणकावर उघडून दाखवला. मी लिहिलं होतं "कोणत्याही प्रकारचे", आणि टाइप करणाऱ्याने प्रामाणिकपणे सगळंच बंद केलं होतं. त्यांच्या पडद्यावर जाहिरातींची वेगळी रांग नव्हतीच. "ईमेल - उत्पादने व सेवा" अशी एकच खूण होती आणि एफडीची आठवण त्या "सेवा"त मोडत होती. पैसे कापल्याचे एसएमएस तेवढे चालू राहिले होते, कारण ते बंद करण्याची सोय त्यांच्याकडेही नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक व्यवहार करणाऱ्या ग्राहकाला एसएमएस सूचना द्यायच्याच असतात.

मॅनेजर समंजस निघाले. मुदत संपून थोडेच दिवस झाले होते, म्हणून त्यांनी आपोआप झालेलं नूतनीकरण रद्द करून दिलं. मधल्या नऊ दिवसांचं व्याज बचत खात्याच्या दराने मिळालं, म्हणजे नुकसान चहापाण्याइतकं. सगळीकडे असं रद्द करून देतात असं समजू नका. दंड भरून एफडी मोडावी लागते, असंच जास्त वेळा होतं.

त्यांच्यासमोरच मी दुसरा अर्ज लिहिला. तो इथे देते, कारण चूक कुठे होती ते दोन्ही अर्ज शेजारी ठेवल्यावरच दिसतं:

"माझ्या खात्याशी व कार्डाशी संबंधित व्यवहाराच्या, सुरक्षेच्या आणि मुदतीच्या सर्व सूचना चालू ठेवाव्यात. कर्ज, कार्ड, विमा, म्युच्युअल फंड यांच्या विक्रीसाठी फोन, एसएमएस, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून माझ्याशी संपर्क करण्यास, तसेच त्यासाठी माझी माहिती समूहातील कंपन्यांना व एजंटांना देण्यास, मी पूर्वी दिलेली संमती मागे घेत आहे."

काय ठेवायचं ते आधी लिहा. मग काय नको ते विक्रीच्या मालाच्या नावानिशी लिहा.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर नेटबँकिंग उघडलं आणि सूचनांचं पान पहिल्यांदा नीट वाचलं. प्रोफाइलमध्ये खोल कुठेतरी होतं. खात्यातून जाणारा प्रत्येक पैसा, रक्कम कितीही असो, एसएमएसने कळावा असं ठेवलं. नवरा म्हणाला, "भाजीवाल्याच्या वीस रुपयांचाही मेसेज?" हो, वीसचाही. चोर पुष्कळदा आधी छोटी रक्कम काढून पाहतो. आणि परस्पर पैसे गेले, चूक ना आपली ना बँकेची असेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपली जबाबदारी शून्य, हा त्याच २०१७ च्या नियमांतला मुद्दा आहे. त्या तीन दिवसांची सुरुवात ज्या मेसेजपासून होते तोच बंद करून कसं चालेल?

येणाऱ्या पैशांसाठी मात्र मी पाचशेची मर्यादा घातली, कारण काही पेशंट दर भेटीला थोडे थोडे पाठवतात आणि मी ते वहीत लिहितेच. शिल्लक दहा हजारांखाली गेली की कळावं, नवा लाभार्थी जोडला की कळावं, नव्या फोनवरून लॉगिन झालं की कळावं, एफडीची मुदत ईमेल आणि एसएमएस दोन्हीवर. ऑफरमध्ये ठेवली ती एकच, ठेवींचे व्याजदर बदलल्याचा ईमेल. कार्डावरच्या सवलतींचा ईमेल महिनाभर ठेवून पाहिला. त्या महिन्यात मी त्यातलं काहीही वापरलं नाही, मग काढला. आणि "ही खरेदी ईएमआयमध्ये बदला" हा मेसेज पहिल्या झटक्यात काढला. तो मोठ्या खरेदीनंतर पाच मिनिटांत यायचा. माणूस नेमका तेव्हाच कच्चा असतो.

व्हॉट्सअ‍ॅप वेगळं. १९०९ ची नोंद फोन आणि एसएमएससाठी असते, व्हॉट्सअ‍ॅपला ती लागत नाही. बँकेच्या निळी खूण असलेल्या खात्यावर जाऊन STOP लिहिलं, त्यांनी ऑफर बंद केल्याचं उत्तर दिलं.

हे सगळं झाल्यावरही ते दहा आकडी मोबाइलवाले उरलेच. दिवसाला दोन-तीन. यांचा बँकेच्या संमतीशी संबंध नाही. एकाला मी शांतपणे विचारलं, "माझा नंबर कुठून मिळाला?" बहुतेक जण फोन ठेवतात. हा नवीन असावा, म्हणाला, "मॅडम, तुम्ही सिबिल चेक केला होता ना ऑगस्टमध्ये?" केला होता! एका अ‍ॅपवर, फुकट म्हणून. अ‍ॅप कधीच काढून टाकलं होतं, पण अ‍ॅप काढल्याने संमती जात नाही, खातं तिकडे तसंच राहतं. पुन्हा अ‍ॅप टाकलं, संमती मागे घेतली, खातं मिटवण्याची विनंती केली, मग काढलं.

आणि या नंबरांच्या तक्रारी केल्या. साध्या मोबाइल नंबरावरून माल विकायला परवानगीच नाही. तक्रार पुन्हा १९०९ लाच, फोन आल्यापासून सात दिवसांत. अशा नमुन्याची:

```
Personal loan offer call, 98XXXXXXXX, 18/12/25
```

काय होतं, कोणता नंबर, कोणती तारीख, मधे स्वल्पविराम. माझी पहिली तक्रार परत आली कारण मी तारीख आधी आणि नंबर नंतर लिहिला होता. नंतरच्या चार नोंदल्या गेल्या, प्रत्येकीला क्रमांक मिळाला. दोन नंबरांवर कारवाई झाल्याचं उत्तर आलं, दोनांचं काय झालं ते उत्तरावरून कळलं नाही. खरं सांगायचं तर एका तक्रारीने फार होत नाही. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांनी त्याच नंबराची तक्रार केली की मोबाइल कंपनीला हालचाल करावी लागते. आणि नंबर बंद झाला तरी माणूस उद्या दुसरं सिम घेतो. इथे पूर्ण शांतता मिळेल असं मी कुणाला सांगणार नाही.

या काळात एक फोन मात्र अंगावर काटा आणणारा आला. "बँकेच्या डीएनडी विभागातून बोलतेय, आपले सगळे फोन कायमचे बंद करते, आलेला ओटीपी तेवढा सांगा." मी इतके दिवस याच खटपटीत होते की क्षणभर खरंच वाटलं. ओटीपीचा मेसेज उघडला तर त्यात रक्कम लिहिली होती. फोन ठेवला आणि हा नंबर १९०९ ला नाही, सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू या सोयीवर कळवला. फसवणुकीचा संशय असेल तर जागा ती. पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

२० डिसेंबरला, दुसऱ्या अर्जानंतर तीन दिवसांनी, बँकेच्याच १४० नंबरावरून क्रेडिट कार्डासाठी फोन आला, तोही रात्री सव्वाआठला. कार्ड विकणाऱ्यांनी सकाळी दहा ते संध्याकाळी सात याच वेळात फोन करायचा असतो. मी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल केला. शिक्का मारलेल्या अर्जाचा फोटो आणि फोनच्या यादीचा स्क्रीनशॉट जोडला. तक्रार क्रमांक आला. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, पैसे लागत नाहीत. मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली होती, १९ जानेवारी. तेविसाव्या दिवशी, १२ जानेवारीला, उत्तर आलं: एजन्सीला दिलेली यादी जुनी होती, आपलं नाव काढलं आहे. दिलगिरीही होती.

आमच्या शाखेतला रिलेशनशिप मॅनेजर अजून अधूनमधून स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो. "मॅडम, ऑफर नाही, फक्त माहिती देत होतो." त्याला तिमाहीचं टार्गेट असतं, मला कळतं. मी त्याला सांगितलं, माहिती ईमेलवर पाठव. ईमेल अजून आलेला नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वही काढली. सात दिवसांत चार फोन, चारही दहा आकडी. बँकेचे P मेसेज शून्य.

परवा आजींकडे होते. आता गुडघा शंभर अंशांपर्यंत वाकतो. फोन थरथरला, १६०० ने सुरू होणारा. आजी म्हणाल्या, "लोनवाला?" उचलला. माझ्या कार्डाची मुदत मार्चमध्ये संपते, नवं नोंदलेल्या पत्त्यावरच पाठवायचं का, एवढंच बँकेतली मुलगी विचारत होती. हो म्हटलं आणि पाय पुन्हा हातात घेतला.